पान १७ वरचे 'त्यांच्या' : व्याकरणाची चूक की नुसती संदिग्धता?

(प्रकरण सांगलीतले आहे. संस्था, छापखाना आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत आणि दोन-चार तपशील बदलले आहेत. वाक्य मात्र जसेच्या तसे ठेवले आहे, कारण सगळा वाद त्या वाक्याचाच होता.)

पार्श्वभूमी

सहकारी संस्थांचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट लागला की सांगलीतल्या छापखान्यांत अहवालांची रीघ लागते. दूध संस्था, सोसायट्या, पतसंस्था, सगळ्यांना एकदमच घाई असते. मी मुद्रितशोधनाचे काम घरी आणून करते. खणभागातल्या एका छापखान्याशी माझा बऱ्याच वर्षांचा व्यवहार आहे. मालकांना मी काका म्हणते, ते मला ताई म्हणतात, आणि हिशेब पानावर होतो.

त्या वर्षी एका पतसंस्थेचा अहवाल आला. बत्तीस पाने, मधे पिन मारलेली पुस्तिका, अठराशे प्रती. मजकूर संस्थेच्या सचिवांनी लिहिला होता. कामाच्या पावतीवर काकांच्या अक्षरात सूचना होती : 'शुद्धलेखन व व्याकरण तपासणे. मजकुरात फेरफार नको.' ही ओळ दर पावतीवर असते. तोवर मी तिच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते.

पहिल्या प्रुफावर मी चौदा ठिकाणी समासात प्रश्न लिहिले होते. काही आकड्यांबद्दल, काही अर्थाबद्दल. प्रूफ परत आले तेव्हा सचिवांनी त्यातल्या तीन प्रश्नांची उत्तरे दिली होती आणि वर लाल शाईत लिहिले होते, 'कृपया फक्त शुद्धलेखन पाहावे.' थोडक्यात, जास्त शहाणपणा नको.

वाक्य

पान १७ वर 'कर्जवसुली व थकबाकी' असे प्रकरण होते. पहिल्या परिच्छेदात तत्कालीन अध्यक्षांच्या कारकिर्दीचा आढावा होता : ठेवी किती वाढल्या, शाखा कधी उघडली वगैरे. दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात अशी :

'व्यवस्थापकांनी तत्कालीन अध्यक्षांना लेखी कळवले, की त्यांच्या सहीने झालेल्या सात कर्जप्रकरणांत तारण अपुरे आहे. ही प्रकरणे तपासली असता ते नियमाबाहेरची आढळली.'

दुसऱ्या वाक्यातल्या 'ते'वर मी लाल काट मारली आणि 'ती' केले. 'प्रकरण' नपुंसकलिंगी, अनेकवचनात 'ती प्रकरणे', म्हणून सर्वनामही 'ती' हवे. बोलताना आपण सर्रास 'ते' म्हणतो, पण छापताना ही चूकच आहे, तिच्यावर वाद नाही.

पहिल्या वाक्यापाशी मी थांबले. 'त्यांच्या' म्हणजे कोणाच्या? पेन्सिलीने समासात एक प्रश्नचिन्ह काढले. मग वरची लाल शाई आठवली. वाक्यात लिंग, वचन, विभक्ती सगळे जागेवर होते. खोडरबर घेतले आणि प्रश्नचिन्ह पुसून टाकले.

या प्रकरणात माझ्या हातात असलेला पहिला निर्णय तो होता, आणि मी तो पाच सेकंदांत घेतला.

अडचण

सहाशेच्या आसपास प्रती वाटून झाल्यावर तत्कालीन अध्यक्ष, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, स्वतः संस्थेत आले. अहवाल टेबलावर ठेवून म्हणाले, "माझ्या सहीची सात खोटी प्रकरणं कुठली, ती काढा बघू."

सात प्रकरणांवर सही अण्णांची नव्हतीच, व्यवस्थापकांची होती. संस्थेत ठराविक रकमेपर्यंतची छोटी कर्जे व्यवस्थापक आपल्या अधिकारात मंजूर करत, त्यापुढची संचालक मंडळाकडे जात. व्यवस्थापकांनी अण्णांना जे पत्र लिहिले होते त्यात चक्क कबुली होती : 'माझ्या सहीने झालेल्या सात कर्जप्रकरणांत तारण अपुरे आहे.' चूक लपवण्याऐवजी माणसाने ती कळवली होती. अहवाल लिहिताना सचिवांनी 'माझ्या'चे 'त्यांच्या' केले. प्रत्यक्ष बोलणे अप्रत्यक्ष करताना हा बदल करावाच लागतो. तो करता करता एका माणसाची कबुली दुसऱ्या माणसावरचा आरोप होऊन बसली.

ज्यांना मंजुरीचे अधिकार माहीत होते त्यांनी वाक्य बरोबर वाचले. बाकीच्यांना वाटले, व्यवस्थापकांनी अध्यक्षांची चूक दाखवून दिली. तसे वाटायला कारणही होते. वरचा सगळा परिच्छेद अण्णांबद्दल होता, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोक्यात तेच होते. शिवाय हाताखालचा माणूस वरच्याला 'लेखी कळवतो' म्हणजे बहुधा वरच्याचेच काहीतरी कळवतो, असे आपण धरून चालतो. स्वतःची चूक लेखी कळवणारा माणूस विरळा.

सभेला बारा दिवस होते. अण्णांना दुरुस्ती हवी होती आणि दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा हे ठरत नव्हते. सचिवांचे म्हणणे असे की ही व्याकरणाची चूक आहे, ती पकडायचे पैसे ताईंना दिले आहेत, तेव्हा खर्च ताईंचा किंवा छापखान्याचा. काकांनी मला फोन केला. "ताई, व्याकरणात चूक असंल तर आपल्याकडं, नसंल तर त्यांच्याकडं. तेवढं सांगा."

मी गमतीने विचारले, "काका, 'त्यांच्याकडं' म्हणजे कोणाकडं?" त्यांना हसू आले नाही.

सचिवांचा मुद्दा

सचिव नुसते भांडत नव्हते. त्यांच्याकडे नियम होता, आणि तो नियम खोटा नाही, म्हणून तो नीट मांडते.

मराठीत मूळ सर्वनामे नऊ : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. यातली शेवटची दोन आत्मवाचक. वाक्यातल्या कर्त्याकडे परत वळायचे असेल तर 'आपला' वापरावा असा शाळेपासूनचा संस्कार आहे. 'व्यवस्थापकांनी अध्यक्षांना आपल्या सहीचे पत्र दिले' म्हटले की सही व्यवस्थापकांची. 'त्यांच्या सहीचे पत्र दिले' म्हटले की वाचणारा सही अध्यक्षांची किंवा तिसऱ्याच कोणाची समजायला लागतो. सचिवांच्या भाच्याने, तो शिक्षक आहे, यावरून निष्कर्ष काढला : सही व्यवस्थापकांची होती, व्यवस्थापक कर्ता आहेत, म्हणून 'आपल्या' हवे होते, 'त्यांच्या' हा चुकीचा प्रयोग, म्हणजे व्याकरणाची चूक.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. खर्च गेला तर गेला. वीस वर्षे लाल पेन चालवून 'आपला' निसटला असेल तर ते जास्त लागले असते.

चूक होती का?

त्या रात्री ते वाक्य कागदावर मांडून बसले. भाच्याचा नियम लागू होतो तो एका साध्या वाक्यात, जिथे कर्ता आणि सर्वनाम एकाच क्रियापदाच्या छताखाली असतात. आमच्या वाक्यात मधे 'की' आहे. 'की'च्या पुढे नवे वाक्य सुरू होते, त्याचे क्रियापद वेगळे ('आहे') आणि कर्ताही वेगळा ('तारण'). नव्या छताखालून जुन्या कर्त्याकडे बोट दाखवायला मराठी दोन वाटा देते. 'आपल्या'ने जाता येते आणि 'त्यांच्या'नेही. 'ती म्हणाली, की तिच्या डोक्याला ताप आहे' या वाक्यात कोणी चूक काढत नाही आणि डोके तिचेच समजते. म्हणजे इथे 'त्यांच्या' लिहिण्याची मोकळीक होती. सचिवांनी तिचा फायदा घेतला एवढेच.

मग दुसरी तपासणी केली. सांगाडा तसाच ठेवून माणसे बदलली :

'मुलीने भावाला सांगितले, की तिच्या वहीवर शाई सांडली.'
'मुलीने भावाला सांगितले, की त्याच्या वहीवर शाई सांडली.'
'मुलाने भावाला सांगितले, की त्याच्या वहीवर शाई सांडली.'

पहिली दोन वाक्ये लख्ख आहेत. तिसरे संदिग्ध आहे. तिन्हींची रचना एकच. व्याकरणाचा नियम भाऊ आला की मोडतो आणि बहीण आली की जुळतो, असे होऊ शकत नाही. नियम मोडला असता तर तिन्ही वाक्ये बिघडली असती. म्हणजे रचना निर्दोष आहे. कमी पडते ती सर्वनामाची ओळख पटवण्याची ताकद, आणि ती समोर कोण कोण उभे आहे यावर ठरते.

आमच्या वाक्यात तर ही ताकद मुळातच शून्य होती, आणि त्याला कारण आपला आदर. 'तो, हा, जो' ही सर्वनामे लिंगाप्रमाणे बदलतात, म्हणून 'त्याच्या' आणि 'तिच्या' वेगळे करता येतात. आदरार्थी बोलायला लागलो की प्रथमेत 'ते' आणि 'त्या' हा भेद अजून उरतो, पण विभक्ती लागली की सगळ्यांचे 'त्यां-' होते. त्यांनी, त्यांना, त्यांच्या. एक साहेब, एक बाई किंवा अख्खे संचालक मंडळ, रूप तेच. व्यवस्थापक बाई असत्या तरी हे वाक्य सुटले नसते. पतसंस्थेच्या अहवालात एकेरी उल्लेख करायची सोय नाही, म्हणून असल्या अहवालांत ही अडचण पानोपानी दबा धरून असते. माझ्या मते मराठी कार्यालयीन लेखनातल्या संदिग्धतेचे हे सर्वांत मोठे बीळ आहे. 'आपला' की 'त्याचा' हा वाद त्यामानाने किरकोळ.

तिसरी तपासणी छापखान्यात केली. शास्त्र म्हणून नव्हे, माझ्या समाधानासाठी. तिथल्या सहा जणांना दोन्ही वाक्ये वाचायला दिली. 'ते नियमाबाहेरची आढळली' इथे पाच जण अडखळले, एकाने वाचतानाच 'ती' करून टाकले. अर्थ मात्र सहाही जणांना एकच लागला. 'त्यांच्या सहीने' इथे कोणीही अडखळले नाही. सही कोणाची विचारल्यावर चौघे म्हणाले अध्यक्षांची, दोघे म्हणाले व्यवस्थापकांची, आणि सहाही जण ठामपणे म्हणाले. (त्या दोघांतला एक त्या पतसंस्थेचा कर्जदार होता, त्याला सह्या कोण करतो ते माहीत असणारच.)

एकाच पानावर, लागून असलेल्या दोन वाक्यांत, दोन वेगळे आजार होते. 'ते/ती'मध्ये चूक होती आणि शंका नव्हती. 'त्यांच्या'मध्ये शंका होती आणि चूक नव्हती. चुकीवर वाचणारा ठेचकाळतो, म्हणून ती सापडते. संदिग्धतेवरून तो सुसाट पुढे जातो, त्याला एक अर्थ लागलेला असतो आणि दुसरा असू शकतो हे त्याच्या गावीही नसते. मलासुद्धा पहिल्या प्रुफात ते वाक्य दिसले नव्हते. दुसऱ्यात दिसले, कारण दरम्यान मजकूर विसरले होते.

सरांचे मत

तरी मी माझ्याच खटल्यात न्यायाधीश नको म्हणून काका आणि मी विश्रामबागेत एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. सरांनी संस्कृत आणि मराठी दोन्ही शिकवले आहे. त्यांनी वाक्य वाचले, चष्मा काढला आणि विचारले, "सैंधव माहीत आहे का?"

सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशचा घोडाही. न्यायदर्शनातले हे जुने उदाहरण. जेवताना कोणी 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणायचे, बाहेर निघताना म्हटले तर घोडा. वाक्यातून अर्थबोध व्हायला काय काय लागते याची तिथे यादी आहे : आकांक्षा म्हणजे पदांना एकमेकांची गरज, योग्यता म्हणजे अर्थाचा मेळ, सन्निधी म्हणजे पदांची जवळीक. आणि यानंतर तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याला काय म्हणायचे होते.

"तुमच्या वाक्यात पहिली तिन्ही आहेत," सर म्हणाले. "तात्पर्य कळायला मार्ग नाही. 'सैंधव आण' म्हणणाऱ्याचं व्याकरण कोणी चुकीचं म्हणत नाही. पण घोडा आणून पानाशेजारी उभा केला तर जेवणाराही खूश होणार नाही."

मी म्हटले, तिथे एका शब्दाला दोन अर्थ आहेत, इथे तर 'त्यांच्या'चा अर्थ एकच आहे, फक्त माणूस कुठला ते ठरत नाही. सरांना ते मान्य होते. आजार वेगळा, पण खाट त्याच वॉर्डातली, असे काहीसे ते म्हणाले.

एका बाबतीत मात्र त्यांचे-माझे पटले नाही. 'अध्यक्षांनी त्यांच्या भाषणात सांगितले' असे वाक्य आले तर सर ते अशुद्ध ठरवतात. एकाच वाक्यात कर्त्याकडे वळायचे तर 'आपल्या'च हवे. मी तिथे लाल पेन उचलत नाही. असा प्रयोग आज इतका रुळला आहे की वाचणाऱ्याला खुपत नाही, आणि भाषण दुसऱ्या कोणाचे असण्याची शक्यताही नसते. मी 'आपल्या' सुचवते, लादत नाही. यावर आमचा अजूनही वाद आहे. पण आमच्या वाक्यात 'की' असल्यामुळे तिथे सरसुद्धा माझ्या बाजूने होते.

पर्याय

व्याकरण निर्दोष ठरले तरी अहवाल दुरुस्त व्हायचाच होता. तीन वाटा होत्या.

पहिली, फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली पाने, पुन्हा छापणे. मधे पिन मारलेल्या बत्तीस पानी पुस्तिकेत पान १७ सर्वांत आतल्या फॉर्मात येते, १३ ते २० पानांच्या. म्हणजे पिना उचकटून तेवढाच भाग बदलता आला असता. काकांनी साडेनऊ हजार सांगितले. पण वाटून झालेल्या सहाशे प्रतींचे काय, याला उत्तर नव्हते. दोन प्रकारचे अहवाल गावात फिरले असते आणि कोणीतरी म्हणालेच असते की संस्थेने पान बदलून काहीतरी दडवले.

दुसरी, काही न छापता सभेत खुलासा करून तो इतिवृत्तात घेणे. ही सचिवांची पसंती, कारण फुकट. पण सभेला येतात ते दीड-दोनशे सभासद. अहवाल जातो घरोघरी.

तिसरी, शुद्धिपत्राची चिठ्ठी. उरलेल्या प्रतींत चिकटवायची, वाटलेल्या प्रतींसाठी सभेच्या दारात ठेवायची आणि सभेत वाचून दाखवायची. खर्च अकराशे रुपये. हीच निवडली.

चिठ्ठीचा मजकूर

वाटले होते की चिठ्ठी दहा मिनिटांत होईल. एक संध्याकाळ गेली.

सचिवांचा पहिला मसुदा : 'पान १७ वरील व्याकरणाच्या चुकीबद्दल दिलगीर आहोत.' यातून सही कोणाची हे कळतच नव्हते. शिवाय 'व्याकरणाची चूक' म्हटले की वाचणारा ऱ्हस्व-दीर्घ समजून चिठ्ठी बाजूला ठेवतो. अण्णांनी मसुदा परत पाठवला.

दुसरा मसुदा भाच्याच्या सल्ल्याने : ''त्यांच्या सहीने' ऐवजी 'आपल्या सहीने' असे वाचावे.' दिसायला हा अगदी नियमाप्रमाणे. मी तो मोठ्याने वाचला : 'व्यवस्थापकांनी तत्कालीन अध्यक्षांना लेखी कळवले, की आपल्या सहीने झालेल्या सात कर्जप्रकरणांत तारण अपुरे आहे.' ऐकताच काका म्हणाले, "हे तर आणखी वाईट झालं की."

बरोबर होते. मराठी 'की'च्या पुढे कधी बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येतात, कधी फिरवून येतात, आणि दोन्ही चालते. पत्राच्या भाषेत 'आपल्या सहीने' म्हणजे 'आपणां महोदयांच्या सहीने'. अध्यक्षांना पत्र लिहिताना व्यवस्थापक त्यांना 'आपण'च म्हणणार. शिवाय 'आपण' म्हणजे 'तुम्ही-आम्ही मिळून' असाही अर्थ आहे, मग सह्या दोघांच्या झाल्या. 'त्यांच्या'ला दोन वाटा होत्या, 'आपल्या'ला तीन. ज्या नियमाच्या जोरावर माझी चूक काढली जात होती, तोच नियम पाळून वाक्य जास्त घसरले. हे पाहिल्यावर सचिवांचा आवाज खाली आला.

'स्वतःच्या सहीने' मलाही सुचले. ते व्यवस्थापकांकडेच जाते, बहुतेक वाचणाऱ्यांना तसेच कळेल. पण 'स्वतःच्या'त एक ठसका आहे, जणू त्यांनी परस्पर काही केले. कबुली देणाऱ्या माणसावर तो अन्याय झाला असता.

शेवटी छापले ते असे : 'पान १७, परिच्छेद २ : 'त्यांच्या सहीने' याऐवजी 'व्यवस्थापकांच्या सहीने' असे वाचावे.' सर्वनाम काढले, नाम घातले. 'व्यवस्थापकांनी ... व्यवस्थापकांच्या' ही पुनरुक्ती कानाला बोचते हे मला कळते. सचिवांनाही ती बोचली, पण अण्णांना अजिबात बोचली नाही.

निष्पत्ती

सभेत चिठ्ठी वाचली गेली आणि इतिवृत्तात नोंद झाली. अण्णा उठून एवढेच म्हणाले, की व्यवस्थापकांनी पत्र लिहिले तेव्हा त्यांनी मोठेपणा दाखवला होता. (यातले 'त्यांनी' कोणाचे हे सभेत सगळ्यांना कळले. अण्णांनी तसा हातच केला.)

खर्चाचे असे झाले : चिठ्ठीची छपाई संस्थेने दिली, चिकटवण्याची मजुरी काकांनी सोसली. मी त्या आठ पानांचे पैसे घेतले नाहीत. व्याकरणाची चूक मी मान्य केली नाही आणि तसे काकांच्या वहीत लिहूनही दिले. पैसे सोडले ते पुसलेल्या प्रश्नचिन्हापोटी. काकांना हा हिशेब कळला नाही. "चूक नाही तर पैसे का सोडता?" असे त्यांनी दोनदा विचारले.

आज वेगळे काय केले असते

प्रश्नचिन्ह पुसले नसते. त्या क्षणी मी स्वतःला विचारले होते, 'हे चूक आहे का?' आणि उत्तर 'नाही' आल्यावर विषय संपवला. पावतीवरची सूचना मला तेवढाच प्रश्न विचारायला सांगत होती. पण 'मजकुरात फेरफार नको' याचा अर्थ 'मजकुराबद्दल विचारू नका' असा नव्हता. तो मी, सचिवांच्या लाल शाईवर रुसून, करून घेतला होता.

तेव्हापासून प्रुफावर दोन खुणा करते. लाल म्हणजे अशुद्ध : तिथे मी बदल करते आणि चुकला तर जबाबदारी माझी. पेन्सिलीने 'कोण?' म्हणजे संदिग्ध : तिथे मी अक्षरही बदलत नाही, कारण सही कोणाची होती हे मला माहीत नसते, माझ्या अंदाजाने दुरुस्ती केली तर उलटाच माणूस अडकायचा. 'कोण?' असलेली वाक्ये वेगळ्या कागदावर उतरवून देते आणि प्रत्येकाखाली त्याचे दोन्ही अर्थ पूर्ण वाक्यांत लिहिते. नुसते 'संदिग्ध' लिहिले तर लेखक म्हणतो, 'कळतंय की.' त्याला कळतेच, कारण त्याच्या डोक्यात एकच अर्थ असतो. दुसरा अर्थ लिहून समोर ठेवला की मग तो दचकतो. चौदा शंका एकदम पाठवणेही बंद केले. ज्यात माणसाचे नाव, सही किंवा पैसा गुंतला आहे अशाच वाक्यांना 'कोण?' लावते. बाकी कितीतरी 'त्यांनी-त्यांना' आजूबाजूच्या मजकुराने आपोआप सुटतात, त्यांच्या मागे लागले तर अहवाल कधीच छापून व्हायचा नाही.

काकांनी पावतीवरची ओळ बदलली आहे. आता ती 'शुद्धलेखन व व्याकरण तपासणे. शंका वेगळ्या कागदावर' अशी आहे.

पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच संस्थेचा अहवाल आला. सचिवांनी मनावर घेतले होते. सबंध मजकुरात शक्य तिथे 'त्यांच्या' काढून 'आपल्या' केले होते. पान ४ वर वाक्य होते : 'अध्यक्षांनी सभासदांना आपल्या ठेवी वाढवण्याचे आवाहन केले.' मी पेन्सिलीला टोक काढले आणि समासात लिहिले, 'कोणाच्या?'